दहा वर्षांची वॉरंटी नक्की कशाची? फ्रिज घेण्याआधी दुकानदाराला विचारायचे प्रश्न

फ्रिजच्या दारावर मोठं स्टिकर असतं, ‘१० वर्षं वॉरंटी’. त्याच स्टिकरच्या तळाशी, वाकून बघितलं तरच दिसेल अशा अक्षरांत, ‘कॉम्प्रेसरवर’ असं लिहिलेलं असतं. घरगुती उपकरणांच्या सर्व्हिस सेंटरच्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसलो आहे. तिथे होणाऱ्या भांडणांपैकी निम्म्याहून जास्त भांडणं या दोन अक्षरांच्या आकारातल्या फरकामुळे होतात, असं माझं मत आहे. फ्रिज बिघडल्यावर भांडण्यापेक्षा पैसे देण्याआधी दहा मिनिटं बोलून घेतलं, तर बरंच काही टळतं. ते बोलणं कसं असावं, हे खालच्या संवादातून दिसेल.

दुकान नाशिकच्या मेन रोडवरचं. दिवस गुढीपाडव्याच्या आधीचे, म्हणजे फ्रिज आणि कूलरवर ऑफरचे बोर्ड लागलेले. दुकानदार वयस्कर, धंद्यात मुरलेले. गिऱ्हाईक मखमलाबादकडच्या एक शिक्षिका. त्यांनी सिंगल डोअर फ्रिज पसंत केला होता, किंमत ठरली होती २१,५०० रुपये. मी शेठजींकडे दुसऱ्याच कामाला गेलो होतो आणि बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होतो.

“काका, याला गॅरंटी किती?”

“दहा वर्षं बिनधास्त वापरा ताई.”

“बिनधास्त म्हणजे? दहा वर्षांत बिघडला तर नवीन देणार?”

शेठजी हसले. “नवीन कोण देतं ताई? वॉरंटी आहे. बिघडला तर दुरुस्त करून मिळेल.”

“मग आत्ता गॅरंटीला हो का म्हणालात?”

हा प्रश्न फार थोडी माणसं विचारतात. शेठजींनी बिलबुक बाजूला ठेवलं आणि नीट समजावून सांगायला बसले. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

आधी शब्द मिटवून टाकू

“आमच्या बाजारात कसं असतं बघा,” शेठजी म्हणाले, “वस्तू बदलून मिळते ती गॅरंटी, दुरुस्त करून मिळते ती वॉरंटी. एलईडी बल्ब घ्या. मुदतीत गेला तर तुम्ही बिल घेऊन इथे येता, मी काउंटरवरच दुसरा देतो. जुना मी कंपनीला परत पाठवतो. ती झाली गॅरंटी. फ्रिजचं तसं नाही. फ्रिजला मी हातसुद्धा लावत नाही, कंपनीचा माणूस तुमच्या घरी येतो.”

“म्हणजे कायद्यातही असाच फरक आहे?”

इथे शेठजींनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी मध्ये पडलो. बाजारातला हा फरक कायद्यात असा रेघ मारून दिलेला नाही. करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या कायद्यात, ‘गॅरंटी’ आहे ती जामीनकीची. मेव्हण्याच्या कर्जाला आपण बँकेत सही करतो ती. मालविक्री कायदा १९३० चा. त्यात ‘वॉरंटी’ म्हणजे सौद्याच्या मुख्य हेतूला जोडून दिलेलं दुय्यम आश्वासन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतो. वॉरंटी असो वा गॅरंटी, ती दिशाभूल करणारी असेल तर ती अनुचित व्यापारी प्रथा. त्यामुळे कार्डावर कोणता शब्द छापलाय यावर काही ठरत नाही. त्याखाली काय लिहिलंय, यावर ठरतं.

दोन्ही गोष्टी एकाच कार्डावर बघायच्या असतील तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं कार्ड बघावं. मोठ्या अक्षरात ६० महिने असतं, आणि आत फोड असते, समजा ३६ अधिक २४. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी गेली तर फुकट बदलून. नंतरच्या २४ महिन्यांत गेली तर नव्या बॅटरीच्या किमतीवर सूट, आणि ती सूटही महिन्यागणिक कमी होत जाते. बॅटरीवाले निदान ही फोड आकड्यांत लिहितात. फ्रिजवाल्यांची फोड शोधावी लागते.

कार्ड कसं वाचायचं

“मग मी काय विचारू तुम्हाला?” ताईंनी विचारलं.

“चारच गोष्टी विचारा,” शेठजी म्हणाले. “कोणत्या भागाला, किती दिवस, कोण देणार, आणि येण्याजाण्याचा-मजुरीचा खर्च कोणाचा.”

मग त्यांनी फ्रिजमधून माहितीपुस्तिका काढली. वॉरंटी कार्ड बहुतेक वेळा तिच्या शेवटच्या पानावर असतं आणि पुस्तिका भाजीच्या ट्रेमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानातच ती उघडून मागा, घरी गेल्यावर नको. दुकानदाराने कुरकुर केली तर त्याच मॉडेलचं कार्ड कंपनीच्या वेबसाइटवरून मोबाइलवर उघडा.

“हे बघा. पहिलं वर्ष संपूर्ण फ्रिजवर. म्हणजे भाग, मजुरी, गॅस, सगळं कंपनीचं. दुसऱ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत फक्त कॉम्प्रेसर.”

“आणि पहिल्या वर्षातही काही वगळलेलं असतं?”

“असतं की. काचेच्या ट्रे, प्लास्टिकचे कप्पे, बल्ब, दाराचं रबर. कंपनीप्रमाणे यादी वेगळी. शिवाय व्होल्टेजने जळाला, उंदराने वायर कुरतडली, बाहेरच्या मेकॅनिकने उघडला, किंवा मागचं सिरियल नंबरचं स्टिकर फाटलं, तर वॉरंटी नाही. आणि फ्रिज घरच्यासाठी घेऊन चहाच्या गाडीवर लावला, तरी नाही.”

व्होल्टेजचा मुद्दा ताईंच्या कामाचा होता. त्यांचं घर मळ्यातलं, वस्तीच्या कडेला. द्राक्षबागांचे पंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, असं त्या सांगत होत्या. फ्रिजवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी व्होल्टेजची मर्यादाही छापलेली असते. आपल्या घरी दिवेलागणीला मल्टिमीटर लावून व्होल्टेज त्या मर्यादेखाली जात असेल, तर ते वाक्य आपल्यासाठी नाही. मग स्टॅबिलायझर घ्यावा आणि त्याचं बिलही फ्रिजच्या बिलासोबत ठेवावं. कॉम्प्रेसर किंवा सर्किट जळाल्यावर तंत्रज्ञाने ‘व्होल्टेजमुळे’ असा शेरा मारला, तर खोडून काढायला आपल्याकडे तेवढाच कागद असतो.

वॉरंटीची मुदत बहुतेक कंपन्या बिलाच्या तारखेपासून धरतात. आणखी एक गोष्ट कार्डावर असते पण कोणी वाचत नाही. वॉरंटीत बदललेल्या भागाला नवी मुदत सहसा मिळत नाही. अकराव्या महिन्यात थर्मोस्टॅट बदलला, तर त्या नव्या थर्मोस्टॅटची वॉरंटी उरलेला एक महिना.

दहा वर्षांचा हिशेब

“पण काका, कॉम्प्रेसर म्हणजेच फ्रिज ना? मग दहा वर्षं झालीच की.”

सगळ्यांचा घोटाळा इथेच होतो. म्हणून हा भाग जरा सावकाश बघू.

कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागे, अगदी तळाशी बसवलेला काळा डबा. तो गॅस दाबून पाइपांतून फिरवतो. फ्रिज थंड होत नाही म्हणून जी तक्रार येते, तिच्यामागे मात्र हा डबा क्वचितच असतो. गॅस गळालेला असतो, थर्मोस्टॅट गेलेला असतो, कॉम्प्रेसरच्या अंगावरचा रिले जळलेला असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर आतला पंखा, हीटर किंवा सेन्सर. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर सर्किट बोर्ड. यातला एकही भाग ‘कॉम्प्रेसर’ नाही. इन्व्हर्टर बोर्ड तर कॉम्प्रेसरला चालवतो, तरी कार्डावर तो वेगळा धरलेला असू शकतो. म्हणून इन्व्हर्टर फ्रिज घेणाऱ्याने ‘बोर्डाला किती वर्षं?’ हा प्रश्न वेगळा विचारलाच पाहिजे.

तंत्रज्ञ यायच्या आधी आपल्यालाही थोडा अंदाज घेता येतो. आतला दिवा लागतोय पण मागे काहीच आवाज नाही, तर बहुधा थर्मोस्टॅट किंवा बोर्ड. मागून दर थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडतो, तर रिले गेलाय, व्होल्टेज कमी आहे किंवा कॉम्प्रेसर जाम झालाय. कॉम्प्रेसर सलग चालतोय, हाताला गरम लागतोय, पण फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही, तर गॅस कमी झाला असण्याची शक्यता जास्त. हा अंदाजच आहे, निदान नाही. पण फोनवर तक्रार लिहून घेणाऱ्याला ‘थंड होत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर माणूस योग्य भाग घेऊन येतो.

शेठजींनी कागदावर आकडे मांडून दाखवले. समजा चौथ्या वर्षी खरोखरच कॉम्प्रेसर गेला.

“कॉम्प्रेसर फुकट, कबूल. पण माणूस घरी येण्याचे ५००. मजुरी ८००. नवा कॉम्प्रेसर बसवायचा तर जुना गॅस काढून नवा भरावा लागतो, फिल्टरही बदलावा लागतो, त्याचे धरा २,५००. वर्कशॉपला न्यायला लागला तर टेम्पोचे ६००. झाले ४,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७९२. एकूण ५,१९२.”

“वॉरंटी असून पाच हजार?”

“वॉरंटी भागाची आहे ताई, कामाची नाही.”

हे आकडे शेठजींनी अंदाजाने मांडले होते. कंपनी बदलली की दर बदलतात, आणि काही कंपन्या कॉम्प्रेसरसोबत गॅसही देतात. म्हणूनच चौथा प्रश्न, खर्च कोणाचा, कार्डावर बोट ठेवून विचारायचा. दोन फ्रिज सारख्याच किमतीचे असतील आणि एकावर ‘कॉम्प्रेसर १० वर्षं, गॅस व मजुरीसह’ असं लिहिलं असेल, तर मी तोच घेईन. दाराचा रंग आवडला नाही तरी.

आता दुसरा प्रसंग. चौथ्याच वर्षी गॅस गळाला. कॉम्प्रेसर ठणठणीत. इथे दहा वर्षांची वॉरंटी एका पैशाच्या कामाची नाही. सिंगल डोअर फ्रिजमध्ये हे होण्याचं एक कारण आपल्याच हातात असतं. फ्रीझरमधला बर्फ घट्ट झाला की लोक सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडतात. त्या पत्र्याच्या आतूनच गॅसची नळी गेलेली असते. टोक घुसलं की ‘फुस्स’ आवाज येतो आणि फ्रीझर गेला. असं पहिल्या वर्षात झालं तरी कंपनी देत नाही, कारण खड्डा डोळ्यांना दिसतो. बर्फ काढायला डिफ्रॉस्टचं बटण दाबावं आणि वाट बघावी.

गॅस भरून घेताना एक काळजी. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए हा गॅस असतो. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर त्याचं नाव आणि वजन छापलेलं असतं, घरगुती फ्रिजमध्ये ते ग्रॅममध्येच असतं. हा गॅस पेट घेणारा आहे. गल्लीतल्या माणसाने दुसराच गॅस भरला किंवा अंदाजपंचे भरला, तर कॉम्प्रेसर खराब होतो आणि उरलेल्या सहा वर्षांची वॉरंटीही त्याच दिवशी संपते. कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून महाग पडलं तरी तिथेच भरावा.

पैसे देताना

“बरं, मग एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का? तुमचा मुलगा मघाशी सांगत होता, १,८०० मध्ये दोन वर्षं.”

“ती कंपनीची की बाहेरची, ते आधी विचारा,” असं मी म्हणालो. शेठजींचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी ते नाकारलं नाही.

दुकानात मिळणारी वाढीव वॉरंटी पुष्कळदा तिसऱ्याच संस्थेची असते. तक्रार तिच्या नंबरवर करायची आणि माणूस तिचा येतो. ती पहिल्या वर्षानंतर सुरू होते की बिलाच्या तारखेपासून, गॅस आणि बोर्ड तिच्यात आहेत का, आणि दुरुस्ती महाग पडली तर घसारा कापून पैसे देतात का, ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय घेऊ नये. साध्या सिंगल डोअर फ्रिजला ती मला फारशी परवडणारी वाटत नाही. बोर्ड असलेल्या मोठ्या इन्व्हर्टर फ्रिजला विचार करावा.

ताईंनी ती घेतली नाही. पण त्यांनी एक चांगलं काम केलं.

“काका, तुम्ही म्हणालात ना, दाराला पोचा आलेला असेल तर बदलून द्याल? ते बिलावर लिहा.”

“अहो, माझा शब्द आहे.”

“शब्द आहेच. लिहूनही द्या.”

शेठजींनी लिहिलं, “घरी पोचल्यावर बाहेरून नुकसान आढळल्यास ४८ तासांत बदलून.” बाजाराच्या भाषेत ही खरी गॅरंटी, आणि ती कंपनीची नाही, दुकानाची आहे. तोंडी आश्वासनही कायद्यात मोजलं जातं, पण ते सिद्ध कोण करणार? बिलावर एवढं असलंच पाहिजे: तारीख, मॉडेल, सिरियल नंबर, जीएसटी नंबर आणि दुकानाचा शिक्का. ‘बिनबिलाचा घ्या, हजार कमी करतो’ याला भुलू नये. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलाशिवाय वॉरंटीची तारीख ठरत नाही. थर्मल प्रिंटरचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. वर्षभरात ते कोरं होतं, आणि वॉरंटीची गरज नेमकी तेव्हाच लागते.

घरी फ्रिज आला की टेम्पोवाला जायच्या आत खोका उघडा. बिलावरचा सिरियल नंबर आणि फ्रिजच्या मागचा नंबर जुळवा. चारी बाजूंचा फोटो घ्या. आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवूनच चालू करा. मग कंपनीच्या ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर नोंदणी करा. पहिल्या काही दिवसांत मोठा दोष निघाला, तर पुष्कळ कंपन्या दुरुस्तीऐवजी बदलून देतात, पण त्यांची मुदत आठवडा-दहा दिवसांचीच असते आणि तंत्रज्ञाचा अहवाल लागतो. म्हणून नवा फ्रिज घरात आणून पाहुणे येईपर्यंत तसाच ठेवू नये. लगेच चालू करून भरावा, बर्फ लावून बघावा.

बिघडल्यावर

“आणि उद्या बिघडला, तर आधी तुम्हाला फोन करू का कंपनीला?”

“कंपनीला. मला केलात तर मीही त्याच नंबरवर करणार. पण तक्रार नंबर घ्या आणि मला कळवा.”

तंत्रज्ञ येऊन गेला की तो जॉबशीट देतो किंवा मोबाइलवर पाठवतो. त्यात दोष काय, केलं काय आणि भाग कोणता बदलला, हे वाचल्याशिवाय सही करायची नाही. फ्रिज थंड होत नाही आणि जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ लिहिलंय, तर खाली आपल्या हाताने लिहा, “फ्रीझरमध्ये पाणी गोठत नाही, दाखवले.” एकच दोष पुन्हा पुन्हा आला, तर किती वेळा दुरुस्तीनंतर नवा द्यावा असा ठरलेला आकडा कायद्यात नाही. पण एकाच दोषाच्या चार जॉबशीट हाताशी असल्या, तर दोष कारखान्यातला आहे हे म्हणणं उभं राहतं. मी टेबलामागे होतो तेव्हा अशी फाइल घेऊन आलेल्या माणसाचं प्रकरण वरच्या साहेबाकडे जायचं. नुसता आरडाओरडा करणाऱ्याचं नाही.

“आणि वॉरंटीत बसत नाही म्हणाले तर?”

कारण लेखी मागायचं, कार्डावरचं कोणतं कलम लावलं तेही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल, सोबत बिल, कार्ड आणि जॉबशीट. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण तिथून तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. तरीही नाही झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग. फ्रिज पुण्यात घेतला असला तरी आपण राहतो नाशिकमध्ये, म्हणून तक्रार नाशिकला करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र लक्षात ठेवायची, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनीशी फोनाफोनी करण्यात ती निघून जाते.

दुकानदारावरही एक जबाबदारी येते. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावर छापलेल्या मुदतीत नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. मुदत छापलेलीच नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. म्हणून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलाखालची ओळ वाचून सदोष वस्तूच्या बाबतीत गप्प बसू नये.

ताईंनी विचारलं, “आयोगात गेले तर तुमचंही नाव घालावं लागेल का काका?”

“घालाच,” शेठजी बिल फाडत म्हणाले. “बिल माझं आहे. कंपनी एकटी असली की दुकानदारावर ढकलते, दुकानदार एकटा असला की कंपनीवर. दोघांना एका टेबलावर बसवा.”